पहिली चौकट आणि तिसरा सेकंद

रील बनवणारी मंडळी ‘हुक’बद्दल खूप बोलतात. सुरुवात अशी हवी की अंगठा थांबलाच पाहिजे. पण सुरुवात जमली की नाही, हे ठरवायचं कसं? त्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे व्हिडिओची पहिली चौकट काढून माणसांना दाखवायची. दुसरा म्हणजे प्रसिद्ध झाल्यावर शंभरांतले किती जण तीन सेकंदांपुढे टिकले, हा आकडा पाहायचा. मला यातला एकटा कुठलाच पुरेसा वाटत नाही. दोघांचं उत्तर जुळत नाही, तिथेच शिकण्यासारखं सापडतं.

पहिली चौकट म्हणजे कव्हर नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. कव्हर दिसतं ते मुख्यतः प्रोफाइलवर. फीडमध्ये वर सरकवताना डोळ्यांसमोर येते ती व्हिडिओची खरी पहिली चौकट. एडिटिंग करताना सुरुवातीला ‘फेड इन’ टाकला असेल, तर ती चौकट चक्क काळी असते. तिची तपासणी लॅपटॉपवर करू नये, फोनवरच करावी. इन्स्टाग्रामवर उजवीकडे लाइक-कमेंटची चिन्हं आणि खाली नाव व कॅप्शन येतं, त्यामुळे तळाशी लिहिलेला मजकूर हमखास झाकला जातो. व्हिडिओ न पाहिलेल्या चार-पाच जणांना ती चौकट सेकंदभर दाखवायची, फोन बाजूला घ्यायचा आणि दोनच प्रश्न विचारायचे: काय दिसलं? पुढे काय होईल असं वाटतं? उत्तरं आकडा येण्याआधी लिहून ठेवायची. आकडा कळल्यावर प्रत्येकाला ‘मला आधीच वाटलं होतं’ असं वाटू लागतं.

आता एक उदाहरण घेऊ, त्यातले आकडे समजण्यापुरते आहेत. भरल्या वांग्यांची एकच रील दोन सुरुवातींनी केली. ‘अ’मध्ये पहिल्या चौकटीत चिरलेलं वांगं, त्यात भरलेला दाण्याचा मसाला, वर ठळक अक्षरांत पदार्थाचं नाव. ‘आ’मध्ये नुसती कढई आणि वांगं धरलेला हात. चौकट पाहणाऱ्यांनी ‘अ’लाच पसंती दिली. ‘आ’ पाहून एकाला तर भजी वाटली. दोन्ही आवृत्त्या प्रत्येकी ८०० वेळा दाखवल्या गेल्या आणि तीन सेकंदांपुढे ‘अ’चे ४६ टक्के टिकले, ‘आ’चे ५८.

चौकट पाहणारे चुकले का? नाही. एका सेकंदाला ३० चौकटी धरल्या, तर तीन सेकंदांत ९० होतात आणि त्यांनी त्यातली एकच पाहिली होती. ‘अ’ फोनवर चालवून पाहिली की कारण लगेच कळतं: चौकट उत्तम, पण तिच्यानंतर बाई कॅमेऱ्याकडे पाहून म्हणतात, ‘नमस्कार मंडळी, आज आपण बघणार आहोत…’ आणि तीन सेकंद त्यातच जातात. ‘आ’मध्ये वांगं तेलात पडतं आणि पहिल्या क्षणापासून चर्र आवाज येतो. आवाज आणि हालचाल स्थिर चित्रात दिसत नाहीत. म्हणजे ‘अ’ची चौकट ठेवायची आणि नमस्कार काढायचा. बरेच जण आकडा पाहून चौकटच बदलतात, चांगली गोष्ट फेकून देतात.

तिसरी आवृत्ती केली: ‘अ’ची चौकट आणि लगेच ‘आ’चं तेल. तीही ८०० वेळा दिसली, आकडा ६१. ‘आ’पेक्षा तीन टक्क्यांनी जास्त, पण ८०० प्रेक्षकांच्या दोन गटांत सुमारे पाच टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणून आधीचा बारा टक्क्यांचा फरक मी मानेन, हा तीनचा मानणार नाही.

आकड्यालाही विचारायचे प्रश्न आहेत. शंभर म्हणजे कोणते शंभर? आपले फॉलोअर ओळखीच्या चेहऱ्यासाठीही थांबतात, त्यामुळे त्यांच्यावरून सुरुवात चांगली ठरवणं फसवं असतं. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४मध्ये आणलेल्या ‘ट्रायल रील’ आधी फॉलोअर नसलेल्यांनाच दाखवल्या जातात. तुलनेसाठी त्या बऱ्या. शिवाय आकडे वेगवेगळ्या अ‍ॅपमधून आणून एकमेकांशेजारी मांडू नयेत. इन्स्टाग्रामचा ‘स्किप रेट’ पहिल्या तीन सेकंदांत पुढे सरकवणाऱ्यांचा हिशेब देतो. यूट्यूब शॉर्ट्समध्ये पाहिलं की सरकवलं एवढंच विभागून दिसतं, तो तीन सेकंदांचा आकडा धरू नये. ३१ मार्च २०२५पासून तर शॉर्ट सुरू झाला की यूट्यूब व्ह्यू मोजतं, त्यामुळे नुसत्या व्ह्यूजवरून सुरुवातीबद्दल काहीच कळत नाही.

आणि तिसऱ्या सेकंदाला ७० टक्के असलेले प्रेक्षक सहाव्या सेकंदाला ३० वर आले, तर सुरुवातीने जे कबूल केलं ते व्हिडिओने दिलेलं नाही. अशा वेळी लिहून ठेवलेली उत्तरं काढावीत. ‘पुढे काय होईल’ याला लोकांनी काय लिहिलं होतं, आणि सहाव्या सेकंदापर्यंत पडद्यावर त्यातलं काय आलं, हे शेजारी ठेवून वाचावं.