एकाच पॅलेटचे दोन हिशेब: 508 आणि 1,176 रुपये

भिवंडीच्या पट्ट्यात दिसतं तसं एक भाड्याचं गोदाम घेऊ. आकडे हिशेबासाठी धरलेले, पण प्रमाण नेहमीचं. रॅकमध्ये पॅलेटच्या वापरण्याजोग्या 2,000 जागा आणि महिन्याचा खर्च 16 लाख. सरासरी 1,600 जागा भरलेल्या, म्हणून मालकाने 16 लाखांना 1,600 ने भागलं आणि सरसकट दर काढला: पॅलेटमागे 1,000 रुपये.

गिऱ्हाईक दोनच, दोघांची सरासरी 800 पॅलेट. पहिला कपडे धुण्याची पावडर ठेवतो. त्याचा माल पूर्ण पॅलेटने येतो आणि तसाच जातो. दुसरा सौंदर्यप्रसाधनं विकतो. त्याच्या कंटेनरमध्ये सुटे खोके असतात, ते गोदामातच पॅलेटवर रचावे लागतात आणि पुढे दुकानादुकानाच्या ऑर्डरप्रमाणे वेचून पाठवावे लागतात. दोघांनाही बिल 8 लाखांचंच.

कामागणिक खर्च काढायचा तर आधी 16 लाख दोन ढिगांत वेगळे करायचे. भाडं, रॅकचा घसारा, विमा, राखण आणि दिवाबत्ती मिळून 9 लाख, हा जागेचा खर्च. कामगार, सुपरवायझर, फोर्कलिफ्ट आणि पॅलेट गुंडाळायची फिल्म मिळून 7 लाख, हा हाताळणीचा. जागेच्या 9 लाखांना भरलेल्या 1,600 ने भागायचं नाही. वापरण्याजोग्या 2,000 ने भागायचं. दर येतो 450 रुपये. रिकाम्या 400 जागांचा भार आतल्या गिऱ्हाइकांवर टाकला, तर गोदाम जितकं रिकामं होईल तितका दर वाढत जातो आणि उरलेलेही निघून जातात.

हाताळणीचा हिशेब मिनिटांत करावा. रॉबर्ट कॅपलन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी 2004 मध्ये मांडलेली हीच रीत गोदामाला सर्वांत सोयीची आहे, असं माझं मत आहे. 20 माणसं, 26 दिवस, 8 तास म्हणजे सुमारे अडीच लाख मिनिटं. चहापाणी आणि गाडीची वाट पाहणं वजा केल्यावर हाती 2 लाख उरतात. मिनिटाचा खर्च साडेतीन रुपये.

आता धक्क्यावर घड्याळ घेऊन उभं राहायचं. पूर्ण पॅलेट उतरवून, तपासून रॅकला लावायला 12 मिनिटं, म्हणजे 42 रुपये. बाहेर काढायला 10 मिनिटं. सुट्या खोक्यांचं एक पॅलेट रचून लावायला मात्र 40 मिनिटं, 140 रुपये. ऑर्डरमधली एक ओळ वेचून, बांधून, लेबल लावायला 4 मिनिटं, 14 रुपये. परत आलेल्या मालाचा एक नग तपासायला 15 मिनिटं.

पावडरवाल्याचे महिन्याला 600 पॅलेट आत आणि 600 बाहेर, एकूण 13,200 मिनिटं. जागेसह खर्च 4,06,200 रुपये, पॅलेटमागे 508. प्रसाधनवाल्याचे 1,000 पॅलेट सुटे येतात, 30,000 ओळी वेचल्या जातात, 400 नग परत येतात. मिनिटं 1,66,000, खर्च 9,41,000, पॅलेटमागे 1,176. त्याच्यावर दरमहा 1,41,000 रुपये तोटा होत होता आणि तो पावडरवाला भरत होता. शेजारच्या गोदामाने 700 रुपये दर दिला की पावडरवाला जाणार. तो गेल्यावर सुटणारं काम जेमतेम सव्वा माणसाचं, भाडं मात्र तेवढंच.

दोन्ही खर्चांची बेरीज 13,47,200. उरलेल्या 2,52,800 पैकी 1,80,000 रिकाम्या जागांचे, 72,800 न वापरलेल्या मिनिटांचे. ही रक्कम मालकाने स्वतःच्या नावे वेगळी मांडावी. खर्चावर 12 टक्के नफा धरून दर लावले, तर ती भरून निघत नाही आणि गोदाम तोट्यातच राहतं. 25 टक्के धरले, तर साठवण 562.50 रुपये, पूर्ण पॅलेटची आवक 52.50, सुटी आवक 175 आणि एक ओळ 17.50 होते. पावडरवाल्याचं बिल 8 लाखांवरून 5,07,750 वर येतं, प्रसाधनवाल्याचं 11,76,250 वर जातं आणि मालकाला 84,000 सुटतात.

चूक बहुधा मिनिटांत होते. कामगारांना ‘कशाला किती वेळ लागतो’ असं नुसतं विचारलं, तर रिकामा वेळ कुणी सांगत नाही. पडताळा सोपा आहे. प्रत्येक कामाची मिनिटं गुणिले महिन्याची संख्या, यांची बेरीज 2 लाखांच्या आत असायला हवी. 2,40,000 आली आणि ओव्हरटाइम तर कुणाला दिलेला नाही, म्हणजे वेळा फुगवलेल्या आहेत. दुसरी गळती जागेत होते. अर्धवट भरलेला पॅलेटही पूर्ण जागा अडवतो आणि उंच पॅलेट दोन जागा खातो. म्हणून बिल पॅलेट मोजून न करता अडलेल्या जागा मोजून करावं, तेही रोजच्या सरासरीने. महिनाअखेर मोजलं तर मधल्या आठवड्यातला फुगवटा फुकट जातो.

रिकाम्या 400 जागा कुणाला द्यायच्या, हेही याच कोष्टकातून दिसतं. पावडरवाल्यासारखं गिऱ्हाईक आलं, तर 6,600 मिनिटं लागतील. हाताशी 20,800 मोकळी आहेत, म्हणजे एकही माणूस वाढवावा लागणार नाही. प्रसाधनवाल्यासारखं आलं, तर 83,000 मिनिटं लागतील. त्यासाठी आणखी सहा-सात माणसं नेमायची तयारी आधी हवी.