शेवटचे वळण आणि इमारतीचे फाटक

अनोळखी पत्त्यावर जाताना नकाशाचे ॲप चुकते ते बहुधा शेवटच्या दोनशे मीटरांत. हमरस्त्यावर ते बिनचूक असते. पण गल्ली नेमकी कोणती, तिच्यातली इमारत कोणती आणि त्या इमारतीचे फाटक कुठल्या अंगाला, हे कोडे गाडी चालू असतानाच सोडवावे लागते आणि मागून हॉर्न वाजू लागतात. हा शेवटचा तुकडा निघण्याआधीच रस्त्यावरून टिपलेल्या छायाचित्रांत पाहून ठेवता येतो. गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यू सेवेत अशी चौफेर फिरवून पाहता येणारी छायाचित्रे मिळतात. ही सेवा अमेरिकेत २००७ साली सुरू झाली. भारतात मात्र ती जुलै २०२२मध्ये आली, तीही जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या देशी कंपन्यांनी टिपलेल्या चित्रांच्या आधारे. पहिल्या दहा शहरांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही चार होती.

समजा, पाहुण्यांना पुण्यात नळ स्टॉपकडून पौड रस्त्याने वनाजच्या दिशेला, डाव्या हाताच्या एका गल्लीतल्या जुन्या सोसायटीत रात्री जेवायला जायचे आहे. मोबाइलवर पत्ता शोधला की नकाशावर लाल पिन पडते आणि रस्त्यावरचे चित्र उपलब्ध असेल तर त्याची छोटी चौकट दिसते. ती चौकट उघडली की समोर इमारत येते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण ही इमारत तीच आहे, याला अजून काहीच आधार नसतो. पिनच्या सर्वांत जवळ जिथे छायाचित्र घेतलेले असेल ते ॲप निवडते आणि त्याचा रोख पिनकडे वळवते. इमारतीच्या मागून दुसरा रस्ता जात असेल आणि पिन त्या बाजूला सरकलेली असेल, तर पुढे येते ती पाठीमागची भिंत. ती ओळखायला सोपी असते: उभे सांडपाण्याचे पाइप, न्हाणीघरांच्या लहान खिडक्या, आणि फाटकाचा, पाटीचा किंवा वॉचमनच्या खोलीचा पत्ता नाही. असे दिसले तर बाणांवर टिचक्या मारत पूर्ण प्रदक्षिणा घालावी आणि नावाची पाटी असलेले फाटक शोधावे. पाटी वाचता आली नाही तर शेजारच्या इमारतींची नावे वाचून यजमानांना फोनवर विचारणे बरे. चेहरे आणि गाड्यांचे नंबर आपोआप धूसर केले जातात, त्या फेऱ्यात कधी कधी पाटीही सापडते.

फाटक सापडले की पाहणी उलट दिशेने करायची नाही. फाटकापासून मागे मागे येत पाहिलेला रस्ता आणि प्रत्यक्ष जाताना दिसणारा रस्ता वेगळे असतात. गल्लीचे तोंड आतून जितके उघडे दिसते तितके ते हमरस्त्यावरून दिसत नाही. म्हणून पौड रस्त्यावर वळणाच्या दीडदोनशे मीटर अलीकडे चित्र उघडावे, तोंड वनाजकडे करावे आणि गाडी चालवत असल्यासारखे पुढे सरकत जावे. संगणकावर हे काम अधिक सुखाचे होते. पिवळा बाहुला उचलला की चित्रे असलेले रस्ते निळे दिसू लागतात आणि हव्या त्या जागी त्याला सोडता येते.

या वाटेवर तीन खुणा हेराव्यात. पहिली वळणाच्या बरीच अलीकडची, जी दिसली की डावीकडची लेन धरायची. दुसरी अगदी कोपऱ्यावरची. तिसरी वळण ओलांडल्यानंतरची, म्हणजे ती दिसली तर गल्ली मागे राहिली हे कळते. ही तिसरी खूण लोक घेत नाहीत आणि मग पुढचा यू-टर्न येईपर्यंत शंकाच काढत बसतात. खूण निवडताना ती टिकाऊ आहे का हे पाहावे. चहाची टपरी, वाढदिवसाचा फ्लेक्स, रंगवलेले शटर यांचा भरवसा नाही. मेट्रोचे खांब टिकाऊ खरे, पण सगळे सारखेच, त्यामुळे निरुपयोगी. मेट्रोचे स्टेशन मात्र चांगली खूण. देऊळ, पेट्रोल पंप, बँक, महावितरणचा डीपी यांवर विसंबता येते. शिवाय ही चित्रे दिवसाउजेडी घेतलेली असतात. रात्री आठला जाणाऱ्याला कोपऱ्यावरचा वड दिसणार नाही, मेडिकल स्टोअरची उजळलेली पाटी दिसेल.

गल्लीत शिरल्यावर दोन गोष्टी तपासायच्या. रस्ता एकेरी आहे का, हे ‘प्रवेश बंद’च्या फलकावरून कळते, फलक झाडात लपला असेल तर चालत्या वाहनांकडे पाहावे. चित्रातल्या सगळ्या दुचाकींची पाठ एकाच बाजूला असेल तर संशयाला जागा आहे. कडेला लावलेल्या गाड्या या हिशेबात धरू नयेत. दुसरी गोष्ट गल्लीची रुंदी. कॅमेरा गाडीच्या टपावर, माणसाच्या नजरेपेक्षा बराच वर असतो आणि त्याचे भिंग पसरट चित्र देते. त्यामुळे गल्ली ऐसपैस भासते. चित्रात दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या असून मधून एखादी रिक्षा जाताना दिसत असेल, तर रिक्षाच्या बाजूला किती जागा उरते हे माप डोळ्यांच्या अंदाजापेक्षा खरे. पी-१, पी-२चे फलक दिसले तर पार्किंग विषम तारखांना एका बाजूला आणि सम तारखांना दुसऱ्या बाजूला, हेही आधीच कळते.

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचा मजकूर सर्वांत बारीक अक्षरांत असतो: छायाचित्राचा महिना आणि वर्ष. कोथरूडमध्ये जुन्या तीन मजली सोसायट्या पाडून टॉवर उभे राहत आहेत. तीन वर्षांपूर्वीच्या चित्रात जांभ्या रंगाचा कठडा आणि गॅलरीतल्या तुळशी दिसतील, तर प्रत्यक्षात तिथे पत्र्याचे कुंपण आणि क्रेन असेल. संगणकावर काही ठिकाणी See more dates असा पर्याय दिसतो. तिथे वेगवेगळ्या वर्षांची चित्रे ताडून पाहता येतात. उपग्रहाच्या चित्रात छपराचा आकार जुळतो का हेही पाहावे, पण ते चित्रही जुने असू शकते, म्हणून दोघांत तफावत आढळली की इमारतीवर न विसंबता शेजारचे देऊळ किंवा बँक धरून चालावे.

सोसायटीच्या आवारात, पेठांतल्या बोळांत आणि बऱ्याच खेड्यांत कॅमेऱ्याची गाडी पोहोचलेली नसते. नकाशावर निळी रेघ जिथे संपते तिथे पाहणीही संपते. काही ठिकाणी निळे ठिपके असतात. ती लोकांनी स्वतः टाकलेली चौफेर छायाचित्रे होत, पण त्यांची जागा कधी कधी एखाद्या इमारतीने चुकलेली असते. अशा वेळी यजमानांकडून फाटकाचा फोटो आणि फाटकाजवळ उभे राहून पाठवलेले लोकेशन मागवावे. घरातून पाठवलेले लोकेशन भिंतींमुळे मागच्या गल्लीत जाऊन बसण्याचा संभव असतो. निघताना तिन्ही खुणांच्या चित्रांचे स्क्रीनशॉट काढून ते शेजारी बसणाऱ्याच्या फोनवर ठेवावेत. चालकाने गाडी चालवताना स्क्रीन चाळायची नाही, आणि एकटेच जायचे असेल तर तीन खुणा तोंडपाठ करायला दोन मिनिटे पुरतात.