११.२, पण कशाचे?

आज आलेखांच्या गुणांवर लिहायचे ठरले होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण दारव्ह्याच्या एका शिक्षिकेने अकरावीच्या चाचणीतल्या एकाच प्रश्नाच्या चार उत्तरांच्या झेरॉक्स पाठवल्या आहेत आणि विचारले आहे, "सर, आपण मागे सूत्राचे आणि आकडेमोडीचे गुण वेगळे केलेत. पण इथे चौघांचाही आकडा बरोबर आहे. मग गुण कापायचे कुठे?" हा प्रश्न मला आलेखांपेक्षा अधिक जवळचा आहे. त्यावर पूर्ण हप्ता खर्च झाला तरी चालेल.

उदाहरण नेहमीचे आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मुक्तिवेग काढा. दिलेली माहिती अशी: पृथ्वीचे वस्तुमान ६ × १०²⁴ किलोग्रॅम, त्रिज्या ६४०० किलोमीटर, गुरुत्व स्थिरांक ६.६७ × १०⁻¹¹ एसआय एककात. गुण तीन. बाईंची विभागणी रूढ पद्धतीची आहे: सूत्राला एक, किमती घालायला एक, उत्तराला एक; त्या शेवटच्या एकातला अर्धा आकड्याचा आणि अर्धा एककाचा.

v = √(2GM/R)

पहिल्या मुलीने सगळे नीट करून शेवटी नुसते '११.२' लिहिले. दुसऱ्याने '११.२ मी/से' लिहिले. तिसऱ्यानेही '११.२ मी/से'च लिहिले. चौथ्याने '१११८३.१३ मी/से' लिहिले. पाठ्यपुस्तकातले उत्तर आहे ११.२ किमी/से.

पहिलीचा निकाल सोपा आहे. एकक नाही, अर्धा गुण गेला, अडीच मिळाले. तिने वरच्या ओळीत त्रिज्या मीटरमध्ये बदलली आहे, घात बरोबर मांडले आहेत, म्हणजे पद्धत तिला येते. काही परीक्षक अशा वेळी 'एककाशिवाय उत्तराला अर्थच नाही' म्हणून शेवटचा पूर्ण गुण कापतात. मला ते मान्य नाही. विभागणीत एककाला अर्धा गुण ठेवला असेल, तर एकक नसल्याची शिक्षाही अर्ध्या गुणाचीच. ती ऐन तपासताना वाढवली, तर शेजारच्या टेबलावरचा परीक्षक अर्धा कापेल आणि आपण एक कापू, आणि हे दोन्ही गठ्ठे नियामकाकडे गेल्यावर एकाच चुकीचे दोन भाव दिसतील.

खरी गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदात आहे. शेवटची ओळ अक्षरशः एकच. बाईंनी दोघांनाही अडीच दिले आहेत. मी तसे देणार नाही.

आधी हे बघू, की ११.२ मी/से म्हणजे काय. ताशी चाळीस किलोमीटर. दारव्हा रोडवरची दुचाकी सहज त्या वेगाने जाते. तेवढ्या वेगाने चेंडू सरळ वर फेकला, तर हवेचा विरोध सोडून दिला तरी तो साधारण साडेसहा मीटर वर जाऊन खाली येतो. म्हणजे एकक चुकले की उत्तर हजारपट चुकते. एकक न लिहिणे आणि चुकीचे एकक लिहिणे या दोन चुका म्हणूनच सारख्या नाहीत. न लिहिणाऱ्याने एक गोष्ट सांगितली नाही. चुकीचे लिहिणाऱ्याने खोटी गोष्ट सांगितली. पण ती खोटी गोष्ट आली कुठून, हे शेवटच्या ओळीत सापडत नाही. त्यासाठी वर जावे लागते.

दुसऱ्या मुलाच्या कागदावर शेवटून दुसरी ओळ आहे '११.१८ × १०³'. तो हजाराचा घात काढून किलोमीटर करायला निघाला, घात काढला आणि 'कि' लिहायचा राहिला. हातचूक. त्याला अडीच, बाईंशी मी सहमत.

तिसऱ्याच्या कागदावर मात्र छेदात सरळ ६४०० आहे. किलोमीटरचे मीटर केलेलेच नाहीत. आता हीच आकडेमोड आपण पुढे नेऊन बघू. वर्गमुळाच्या आत २ × ६.६७ × ६ म्हणजे ८०.०४, त्याला ६.४ ने भागले की १२.५. घातांची गोळाबेरीज केली की आत १२.५ × १०¹⁰ उरते. वर्गमूळ येते ३.५४ × १०⁵. लक्षात घ्या, ११.२ येतच नाही! त्रिज्या मीटरमध्ये घातली असती तर आत १२.५ × १०⁷ आले असते. तो घात विषम, म्हणून एक दहा आत ओढून १२५ × १०⁶ करावे लागते, आणि १२५ चे वर्गमूळ ११.२. मीटरऐवजी किलोमीटर राहिले की तीन घातांचा फरक पडतो, विषमाचा सम होतो आणि १२५ च्या जागी १२.५ चे वर्गमूळ काढावे लागते. म्हणजे इथे चुकीच्या एककातून नुसता घात बदलत नाही, अंकच बदलतात. ६४०० च्या खाली ११.२ लिहिलेले दिसले, की ते मोजून आलेले नाही, पुस्तकातून पाठ होते, हे कागदच सांगतो.

म्हणून तिसऱ्याला सूत्राचा एक, किमती घालण्याचा अर्धा, आणि उत्तराचे शून्य. दीड. समजा याच मुलाने ६४०० घालून प्रामाणिकपणे ३.५४ × १०⁵ मी/से लिहिले असते, तर? उत्तर साफ चूक. तरी मी त्याला दोन दिले असते, कारण एका चुकीचा अर्धा आधीच कापला आहे आणि त्यापुढची आकडेमोड त्याने स्वतः केली आहे. चुकलेल्या उत्तराला दोन आणि 'बरोबर' उत्तराला दीड, हे पालकांना समजावणे अवघड जाते. पण ज्याला घातांकांचे गणित येते त्याला जास्त गुण, ही गोष्ट झेरॉक्स समोर ठेवून दाखवता येते. वर्गमूळ असलेल्या उदाहरणांत अंकांचे हे बदलणे ही परीक्षकाच्या हातातली सगळ्यात भरवशाची खूण आहे.

आता चौथा. १११८३.१३ मी/से. भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढत तो दोन दशांश स्थळांपर्यंत गेला आहे. बाईंनी 'सार्थ अंक!' असा लाल शेरा मारून अर्धा गुण कापला. सार्थ अंकांचा पाठ अकरावीच्या पहिल्याच प्रकरणात आहे, तेव्हा त्यांचा राग मला समजतो. पण हा अर्धा गुण परत द्यावा लागेल, आणि कारण मुलाच्या बाजूचे नाही, प्रश्नपत्रिकेच्या बाजूचे आहे.

नियम काटेकोर लावायचा, तर दिलेल्या माहितीत सर्वांत कमी सार्थ अंक कुणाचे? वस्तुमानाचे. नुसता ६, म्हणजे एक अंक. शब्दशः घेतले तर तो ५.५ ते ६.५ मधला काहीही असू शकतो, आणि मुक्तिवेग १०.७ ते ११.६ किमी/से यात कुठेही. गुणाकार-भागाकाराचा नियम म्हणेल, उत्तरही एकाच सार्थ अंकात द्या: १ × १०⁴ मी/से. म्हणजे १११८३.१३ लिहिणारा चुकला असेल, तर ११.२ लिहिणारेही चुकले, पाठ्यपुस्तकासकट. ६४०० चे तर दोन अंक सार्थ की चार, हे आकड्याकडे बघून ठरतच नाही. जो नियम आपल्या आदर्श उत्तरालाच नापास करतो, तो एका मुलावर लावता येत नाही.

मग ११.२ खरे कसे? पृथ्वीचे वस्तुमान ५.९७ × १०²⁴ किलोग्रॅम आणि सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर आहे. पुस्तकाने दोन्ही थोडी वर ढकलली, ६ आणि ६.४. पण सूत्रात त्यांचा भागाकार येतो. ५.९७ भागिले ६.३७ म्हणजे ०.९३७२, ६ भागिले ६.४ म्हणजे ०.९३७५. दोन्ही वाढी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि उरलेला किरकोळ फरक वर्गमुळात निम्मा होतो. ११.२ हे तीन अंकी उत्तर या योगायोगावर उभे आहे, ६ आणि ६४०० च्या अंकांवर नाही.

लॉग सारणी वापरणाऱ्यांनी हेही करून बघावे. चार अंकी सारणीने याच उदाहरणात v² चा लॉग ८.०९७१ येतो, निम्मा ४.०४८५५ म्हणजे चार स्थळांत ४.०४८६, आणि प्रतिलॉग सारणीतून १.११९ × १०⁴. हाताने काढलेले १.११८ × १०⁴. चौथा अंक सारणीच्या स्वभावानेच एखाद्याने सरकतो. बारावीला बोर्ड कॅल्क्युलेटर देत नाही, लॉग सारणी देते. तेव्हा चौथ्या अंकावरून कुणाला कापणे हे सारणीला शिक्षा करण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट भौतिकशास्त्राच्या गुणदान सूचनांत दोन ते चार सार्थ अंक सामान्यतः स्वीकारा, मात्र फारच अंक लांबवले तर कापता येईल, असे धोरण आहे. लेखी पेपरापुरते ते मला योग्य वाटते.

प्रात्यक्षिकात मात्र मी उलट वागतो. साधा लंबक घ्या. लांबी १०० सेंटिमीटर, वीस आंदोलनांना ४०.२ सेकंद, घड्याळाचे लघुतम माप ०.१ सेकंद. g येतो ९.७७ मी/से². वेळेतली ०.१ ची शंका पाव टक्का, आवर्तकालाचा वर्ग असल्याने ती दुप्पट, अर्धा टक्का, म्हणजे ०.०५ इकडेतिकडे. दुसराच दशांश डळमळीत आहे. तिथे '९.७७१६' लिहिणाऱ्याने स्वतःच्या घड्याळाबद्दल खोटे विधान केले आहे, कारण मोजमाप त्याचे स्वतःचे आहे. कापूस भरलेल्या ट्रकचे वजन दहा किलोच्या टप्प्याने दाखवणाऱ्या काट्यावर कुणी ग्रॅम लिहून मागत नाही, तसेच हे. इथे अर्धा गुण जरूर कापावा.

आणि एक, आपल्या जिल्ह्यापुरते. यवतमाळचा अक्षांश वीस अंशांच्या थोडा वर आणि उंची समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथला g सुमारे ९.७९ आहे, ९.८१ नाही. ९.८१ हा आकडा साधारण पंचेचाळीस अंश अक्षांशाचा. पुसद, वणी, उमरखेड, कुठेही लंबकाने ९.७७ किंवा ९.७९ आले म्हणून 'प्रमाण किमतीपासून दूर' असा शेरा मारू नका. उलट प्रत्येक वहीत बरोबर ९.८१ आले असेल, तर निरीक्षणांचे कोष्टक पुन्हा पाहा.

बाईंच्या गठ्ठ्याचा माझा निकाल: पहिली अडीच, दुसरा अडीच, तिसरा दीड, चौथा तीन. सहामाहीचे पेपर काढणाऱ्यांना एक विनंती आहे. मुक्तिवेगाच्या उदाहरणात वस्तुमान ५.९७ × १०²⁴ आणि त्रिज्या ६.३७ × १०⁶ मीटर छापा, आणि सार्थ अंकांचे गुण कापायचे असतील तर 'उत्तर तीन सार्थ अंकांत द्या' ही ओळ प्रश्नातच घाला. ती ओळ नसेल, तर कापू नका.