न आलेली उत्तरं

समजा, 1000 डॉक्टरांना ऑनलाइन प्रश्नावली पाठवली. 300 जणांनी ती भरली आणि त्यातले 180 म्हणाले, साध्या सर्दीला आम्ही अँटिबायोटिक देत नाही. म्हणजे 60 टक्के? गप्प राहिलेले 700 सगळे देत असतील तर खरा आकडा 18 टक्के. कुणीच देत नसेल तर 88!

म्हणून स्मरणपत्रं पाठवायची, तरीही उत्तर नाही आलं तर टपालाने छापील फॉर्म. मग उशिराची उत्तरं वेगळी मोजायची. आपल्या उदाहरणात पहिल्या 200 पैकी 135 ‘देत नाही’ म्हणाले, स्मरणपत्रानंतरच्या 100 पैकी 45च. उशिरा उत्तर देणारे गप्प राहणाऱ्यांसारखे असतात, हे गृहीतकच. पण इतकी घसरण दिसली, तर 60 टक्के फुगलेला आकडा समजावा.