पांढऱ्या भुकटीचे माहितीपत्रक

पाटणचेरूकडील एका कारखान्यात नोकरीस असलेला आमचा एक माजी विद्यार्थी परवा सुरक्षा माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे आला. "सर, यात भिण्यासारखं काहीच दिसत नाही," तो म्हणाला. पदार्थ होता मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज. लाकडाच्या लगद्यापासून केलेली ही पांढरी भुकटी औषधी गोळ्यांत भर म्हणून घालतात. आपण सारेच ती गिळीत असतो. परंतु ३० जून २०२५ रोजी हैदराबादेजवळ पाशमैलारम येथे, हीच भुकटी बनविणाऱ्या सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट होऊन ४० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. धुळीचा स्फोट ही शक्यता तेव्हाच पुढे आली. दोषनिर्णय हे आमचे काम नव्हे. पत्रक कसे वाचावे, एवढेच आम्ही त्याच्यासह पाहिले.

अशा पत्रकाचे १६ विभाग असतात. दुसरा विभाग धोक्यांचा. तेथे कवटीचे वा ज्वालेचे चित्र नव्हते. कारण जागतिक वर्गीकरणात ज्वलनशील धुळीसाठी स्वतंत्र चिन्हच नाही. मात्र खाली एक ओळ होती : हवेत धूळ पसरल्यास ज्वलनशील मिश्रण होऊ शकते. तो ती ओळ वाचून पुढे गेला होता.

चौथा विभाग प्रथमोपचाराचा. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धुवावे, श्वासात गेल्यास मोकळ्या हवेत न्यावे, एवढेच. हे सौम्य उपचार पाहून पदार्थ निरुपद्रवी समजणे, ही खरी चूक. तेथे भुकटी अंगाला लागल्याचा विचार आहे, ती पेटल्याचा नाही.

ते उत्तर सातव्या, साठवणीच्या विभागात सापडते : धूळ साचू देऊ नये, ठिणगी व स्थिर विद्युत टाळावी, यंत्रे भूसंपर्कित ठेवावीत. दहाव्या विभागात विसंगत पदार्थ दिले होते : नायट्रेट, पेरॉक्साइड यांसारखे, प्राणवायू पुरवून ज्वलन भडकविणारे. त्यांच्याशेजारी हिची पोती रचू नयेत.

साचलेल्या धुळीवर एवढा भर का? यंत्रातील पहिला स्फोट कदाचित लहानच असतो. पण त्याच्या धक्क्याने तुळयांवरील, नळांवरील थर हवेत उडतो, आणि मग सारी इमारतच पेट घेते. सुमारे ०.८ मिलिमीटरचा, म्हणजे कागदी टाचणीच्या तारेएवढा थर मोठ्या क्षेत्रावर पसरला, तरी तो धोकादायक मानतात. खालचा रंग दिसेनासा झाला, की थर वाढला असे समजावे. तो दाबाच्या हवेने वा केरसुणीने उडवू नये. धुळीसाठी बनविलेल्या शोषकयंत्रानेच उचलावा.

पत्रकाची मर्यादा मात्र ध्यानी ठेवावी. ते पदार्थ ओळखते. तुमच्या छताखालची तुळई त्यास ठाऊक नसते. जाताना विद्यार्थी म्हणाला, "उद्या पाळीवर गेल्यावर आधी वर पाहतो, सर."