16,398 रुपयांचा माग

बनावट शॉपिंग साइटवर फसलेल्या माणसाचा सायबर पोलिसांना दिलेला अर्ज बहुतेक वेळा संतापाने सुरू होतो: जाहिरात किती खरी वाटली, साडीचा फोटो किती सुंदर होता, फोनवरचा माणूस किती गोड बोलला. संताप रास्तच आहे. पण पोलीस आणि बँक शोधतात ते पैसे कोणत्या खात्यातून, कोणत्या क्षणी, कोणत्या खात्यात गेले हे. ते सापडायला अर्ज कसा असावा, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

दिवाळीच्या तोंडावर, रविवारी 12 ऑक्टोबर 2025 रोजी, नाशिकच्या एका बाईंनी समाजमाध्यमावरची जाहिरात पाहून पैठणी मागवली आणि यूपीआयने 1,899 रुपये भरले. मंगळवारी ‘कुरिअरवाल्या’चा फोन आला: पार्सलचा विमा भरा, माल मिळाला की पैसे परत. त्यांनी 4,999 भरले. त्याच संध्याकाळी ‘रिफंड’साठी क्यूआर कोड आला, तो स्कॅन करून पिन टाकला आणि आणखी 9,500 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे त्यांना नंतर कळलं.

त्यांच्या अर्जात ‘एकूण 16,398 रुपयांची फसवणूक झाली’ एवढंच लिहिलं असतं तर बँकेला हाताशी काहीच लागलं नसतं. कारण हे तीन वेगळे व्यवहार आहेत आणि बहुधा तीन वेगळ्या खात्यांत गेलेले. म्हणून अर्जात प्रत्येकाचा वेगळा परिच्छेद हवा, साधारण असा:

‘दि. 14/10/2025 रोजी सायंकाळी 6 वाजून 42 मिनिटांनी माझ्या अमुक बँकेच्या बचत खात्यातून (क्रमांक सोबत) रु. 9,500/- यूपीआयद्वारे गेले. यूटीआर क्रमांक: (12 अंकी). पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो व स्क्रीनवर दिसलेले नाव: (जसेच्या तसे). हा क्यूआर कोड मला अमुक मोबाईल क्रमांकावरून आला.’

यातला यूटीआर क्रमांक हा अर्जाचा कणा. गफलतही इथेच होते. यूपीआय अॅपमध्ये एकाच व्यवहाराखाली दोन क्रमांक दिसू शकतात: एक 12 अंकी, दुसरा अक्षरं-आकडे मिसळलेला, अॅपचा स्वतःचा. बँकेला पैसे शोधायला उपयोगी पडतो तो 12 अंकी. काही जण घाईत बनावट साइटने दिलेला ऑर्डर क्रमांकच लिहितात. तो साइटवाल्यानेच बनवलेला असतो, बँकेच्या नोंदीत तो कुठेच नसतो. शंका असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढून क्रमांक जुळवून घ्यावा आणि तेही जोडावं.

साइटचं नाव लिहितानाही असंच. ‘पैठणी सेल नावाची साइट’ म्हणणं पुरेसं नाही. पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकलं तर पोलीस भलत्याच साइटवर पोहोचतील, म्हणून तो कॉपी करून घ्यावा आणि पत्त्याची पट्टी दिसेल असा स्क्रीनशॉट जोडावा. अशा साइट चार दिवसांत गायब होतात. चॅट डिलीट करू नये, नंबर ब्लॉक करण्याआधी संभाषण जतन करावं.

मात्र अर्ज लिहीत बसण्याआधी 1930 वर फोन करावा. ही हेल्पलाइन तक्रार नोंदवून संबंधित बँकांना कळवते, आणि रक्कम त्या खात्यात शिल्लक असेल तर ती तिथेच रोखून धरता येते. चोर पैसे भाड्याच्या खात्यांतून पुढे पुढे सरकवत असतात, त्यामुळे जितका उशीर तितकी रोखण्याजोगी रक्कम कमी. वरच्या उदाहरणात रविवारचे 1,899 कदाचित केव्हाच पुढे गेले असतील, पण मंगळवारी संध्याकाळच्या 9,500 साठी त्याच रात्री केलेला फोन कामाला येऊ शकतो. तपशील cybercrime.gov.in वर भरून मिळालेला पोचक्रमांक अर्जाच्या वरच्या भागात लिहावा.

पोचक्रमांक मिळाला म्हणजे गुन्हा नोंदला गेला असं नव्हे. म्हणून अर्जाच्या शेवटी दोन मागण्या स्पष्ट असाव्यात: संबंधित खात्यांतली रक्कम गोठवावी आणि गुन्हा नोंदवून त्याची प्रत मिळावी. कलमं स्वतः शोधून लिहायची गरज नाही, ते काम पोलिसांचं.

बँकेकडून भरपाईची आशा मात्र जपून धरावी. ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारात, त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर, त्याची जबाबदारी शून्य धरणारा नियम रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये केला. इथे पिन बाईंनी स्वतः टाकला आहे, त्यामुळे त्या नियमाचा आधार मिळणं अवघड. म्हणूनच अर्जात ‘माझ्या नकळत पैसे गेले’ असं लिहू नये. ‘विमा परत मिळेल असे सांगून माझ्याकडून भरून घेतले’ हे खरं आहे आणि फसवणुकीचा गुन्हा त्यातूनच उभा राहतो. गोठवलेली रक्कम परत मिळतानाही आधी हेच तपासलं जातं की खात्यात अडकलेले पैसे नेमके याच अर्जदाराचे आहेत का.