हे दात अण्णांचे नाहीत

गेल्या महिन्यात चुलतभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजोबांचे दोन फोटो टाकले. पहिला १९६४ सालचा, तालुक्याच्या गावी स्टुडिओत काढलेला: काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, ओठ घट्ट मिटलेले. दुसऱ्यात तीच टोपी, तोच कोट, पण अण्णा दात दाखवून छान हसत होते. खाली ओळ होती, "एआयने अण्णांचं खरं हसू शोधून काढलं!" भराभर जोडलेले हात आले, डोळे पुसणारे चेहरे आले. मग आत्याचा आवाज आला. आत्या अण्णांची थोरली लेक. "गोड दिसतायत रे. पण अण्णांना हे दात कुठले? विहिरीवर रहाटाचा दांडा उलटा फिरला तेव्हा पुढचा दात अर्धा उडाला होता त्यांचा. म्हणून तर ते फोटोत तोंड उघडत नसत."

भाऊ हार मानणाऱ्यातला नाही. "आत्या, सॉफ्टवेअरला चेहऱ्याच्या हाडांवरून कळतं." हे वाक्य मी या वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की माझेच दात आवळले जातात. जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. गिऱ्हाईक येतं, मिटल्या ओठांचा फोटो पुढे करतं आणि म्हणतं, "आतलं हसू बाहेर काढून द्या." जणू दात फोटोच्या कागदाखाली दडलेत आणि वरचा ओठ जरा उचलला की दिसतील.

साधा हिशोब करू. अण्णांच्या स्कॅनमध्ये चेहऱ्याची रुंदी ४०० पिक्सेल आहे. मोकळ्या हसण्यात तोंड साधारण २०० पिक्सेल पसरेल आणि त्यात दातांचा पट्टा असेल सुमारे १६० गुणिले ३५, म्हणजे ५,६०० पिक्सेल. या ५,६०० जागांवर मूळ फोटोत काय आहे? ओठ, आणि थोडी ओठांभोवतीची कातडी. दाताचा एकही पिक्सेल नाही. अंधुक फोटोत नाक असतं, फक्त अस्पष्ट असतं, त्यामुळे ते सुधारण्याला काही अर्थ आहे. मिटल्या तोंडाच्या फोटोत दात अस्पष्टही नसतात. ते नसतातच.

मग हे दात येतात कुठून? आजकालची बरीच साधनं तोंडाभोवतीचा भाग पुसून टाकतात, तिथे निव्वळ मुंग्या आल्यासारखा यादृच्छिक ठिपक्यांचा पडदा ठेवतात आणि तो पायरीपायरीने स्वच्छ करत नेतात. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न असतो: आजूबाजूला असा चेहरा असेल आणि 'हसरा' असा हुकूम असेल, तर इथे बहुधा काय असतं? 'बहुधा' कशावरून ठरतं, तर शिकवताना दाखवलेल्या लाखो हसऱ्या चेहऱ्यांवरून. या क्षेत्रात वर्षानुवर्षं वापरला गेलेला सेलेब-ए नावाचा संच पाहा. २०१५ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. त्यात दोन लाखांवर फोटो आहेत, प्रत्येकावर चाळीस खुणांच्या नोंदी आहेत आणि 'हसतोय की नाही' ही त्यातलीच एक. फोटो कोणाचे? नावाप्रमाणेच, प्रसिद्ध व्यक्तींचे. म्हणजे ज्यांच्या दातांवर दंतवैद्यांनी मन लावून काम केलेलं आहे, अशांचे. रहाटाने अर्धा उडवलेला दात त्या गर्दीत कितीसा सापडणार?

भावाला पटेना, तेव्हा मी स्वतःचाच फोटो घेतला. माझ्या पुढच्या दोन दातांमध्ये आगकाडी जाईल एवढी फट आहे आणि उजवीकडचा त्यांच्या शेजारचा दात किंचित तिरका आहे. तोंड मिटून फोटो काढला आणि एका मोफत ॲपला पाच वेळा तेच सांगितलं, हसव. पाच फोटो आले, पाच बत्तिशा आल्या. एकात पुढचे दात रुंद, एकात निमुळते, एकात हिरड्या दिसतात, दोनांत नाहीत. फट एकातही नाही. पाच वेगळ्या बत्तिशा आल्या, कारण सुरुवातीचा ठिपक्यांचा पडदा दर वेळी नव्या आकड्यापासून बनतो. या आकड्याला सीड म्हणतात. सीड बदलला की दात बदलले. माझे खरे दात सापडत असते, तर पाचही वेळा तेच सापडायला हवे होते. (काही ॲप सीड कायम ठेवतात, त्यामुळे दर वेळी तेच दात येतात. त्यावरून ते खरे ठरत नाहीत. खोटं रोज तसंच बोललं, एवढाच त्याचा अर्थ.)

आता भावाच्या बाजूने जेवढं बोलण्यासारखं आहे तेवढं बोलतो. चेहऱ्यावरून दातांबद्दल अगदी काहीच कळत नाही असं नाही. पुढचे दात पडले असतील तर आधार जाऊन वरचा ओठ आत बसतो, हनुवटी पुढे आल्यासारखी वाटते. दात पुढे असतील तर ओठ मिटायला कष्ट पडतात आणि हनुवटीवर बारीक खळगे उमटतात. हे जाणकाराला दिसतं, मॉडेललाही काही अंशी उचलता येतं. पण एखाद्या दाताचा आकार, रंग, फट, तुटका कोपरा, एकावर एक चढलेले दात, यातलं काहीही मिटल्या ओठावर उमटत नाही. दंतवैद्य हसण्याचा आराखडा करतात तेव्हा आधी ओठ बाजूला ओढून दातांचा फोटो घेतात, साचा किंवा स्कॅन घेतात. हाडांवरून कळत असतं तर एवढा खटाटोप त्यांनी कशाला केला असता?

हिरड्यांचीही हीच गत. दंतशास्त्रात १९८४ सालचा त्जान आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. त्यांनी विशीतल्या ४५४ तरुणांचे हसरे फोटो तपासले. सुमारे ६९ टक्क्यांच्या हसण्यात वरचे पुढचे दात जवळजवळ पूर्ण दिसत होते, सुमारे २० टक्क्यांचा ओठ त्यांच्या बऱ्याच भागावर राहत होता आणि साधारण १०-११ टक्क्यांच्या हिरड्यांचा पट्टाही दिसत होता. आपण यातल्या कुठल्या गटात, हे हसताना ओठ किती वर जातो यावर ठरतं आणि मिटलेला ओठ ते सांगत नाही. मॉडेल अर्थातच बहुतेकांना मोठ्या गटात बसवतं. हिरड्या दाखवल्याच तर त्या एकसारख्या फिक्या गुलाबी. आपल्याकडे कित्येकांच्या निरोगी हिरड्यांवर तपकिरी-काळसर छटा असते. ती नैसर्गिक असते, रोग नव्हे. बनवलेल्या हसण्यात ती मला क्वचितच दिसते.

आणि वय. व्हिग आणि ब्रुंडो यांनी १९७८ साली मोजलं होतं की ओठ सैल, जरासे उघडे असताना तिशीच्या आत वरचे मधले दात सरासरी ३.४ मिलिमीटर दिसतात, साठीनंतर जवळजवळ शून्य. उलट खालचे दात वयाबरोबर जास्त दिसू लागतात, कारण ओठ सैल होऊन खाली येतात. फोटोतले अण्णा साठीच्या घरातले. ॲपने त्यांना वरच्या दातांची सबंध रांग दिली, खालचा एकही नाही. पंचविशीचं हसू साठीच्या चेहऱ्यावर! म्हणूनच तो फोटो 'तरुण वाटतो' असं सगळे म्हणत होते.

ओठांकडे लोक पाहतच नाहीत, आणि खोट तिथेच सापडते. हसताना ओठांचे कोपरे वर आणि बाहेर ओढले जातात, त्यामुळे ओठ ताणून पातळ होतात. वरच्या ओठाची मधली कमान सपाट होते, गाल वर चढतात, नाकापासून तोंडाकडे येणारी घडी खोल होते आणि खालच्या पापणीखाली फुगवटा येतो. मोकळ्या हसण्यात जबडाही खाली येतो, म्हणजे हनुवटी सरकते. साधनाने फक्त तोंडापुरता चौकोन पुसला असेल तर यातलं काहीच बदलत नाही: ओठ मिटलेले असताना होते तेवढेच जाड, गाल जिथल्या तिथे, डोळे गंभीर आणि मध्ये दातांची पट्टी चिकटवलेली. अण्णांच्या फोटोत हनुवटी केसभरही हललेली नाही. दोन्ही फोटो एकावर एक ठेवून पाहिले मी. शिवाय खऱ्या तोंडात दातांची रांग कोपऱ्यांकडे काळोखात विरते आणि सुळे मधल्या दातांपेक्षा जरा पिवळट असतात. इथे दाढांपर्यंत ट्यूबलाइट.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "मोठ्या रिझोल्यूशनचा स्कॅन दिला की खरे दात येतात": नाही, बनावट दात जास्त रेखीव येतात. "दात पाहिले की बनावट ओळखता येतं": पूर्वी यायचं. २०१९ च्या सुमाराच्या स्टाइलगॅन या चेहरे बनवणाऱ्या मॉडेलमध्ये मान वळली तरी दात कॅमेऱ्याकडेच तोंड करून राहायचे, आणि ते बनवणाऱ्या संशोधकांनीच पुढच्या आवृत्तीत हा दोष सांगून दुरुस्तही केला. आता त्या खुणेवर विसंबू नका. "फोनमध्ये चेहरा बदलतो तोही असाच": गूगलच्या पिक्सेल ८ मधली 'बेस्ट टेक' सोय लागोपाठ काढलेल्या दुसऱ्या फोटोतला तुमचाच चेहरा उचलते. तिथले दात तुमचेच. "कंपन्या फसवतात": नेहमीच नाही. २०२१ साली जुने फोटो हलवणारी मायहेरिटेजची सोय गाजली, आपल्याकडे भगतसिंगांचा फोटोही तसा फिरला. मूळ फोटोत नसलेले दात, कान वगैरे भाग तयार करावे लागतात, हे त्या कंपनीनेच लिहून ठेवलं होतं. वाचलं कोणी?

"पण यात बिघडलं काय? हसलेच ना आजोबा!" हा शेवटचा प्रश्न. घरात, भिंतीवर, काही बिघडलं नाही. पण एप्रिल २०२१ मध्ये 'व्हाइस' या संकेतस्थळाने कंबोडियातल्या एस-२१ तुरुंगातल्या बळींचे रंगवलेले फोटो छापले. मारण्यासाठी आणलेल्या कैद्यांचे फोटो ते. त्यातल्या काही चेहऱ्यांवर मूळ फोटोत नसलेलं हसू चढवलेलं होतं. कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने जाहीर निषेध केला आणि लेख काढून टाकावा लागला. पुरावा होता, त्यावर कोणाची तरी कल्पना चढवली गेली.

आणि एक गोष्ट घराच्या जवळची. ओळख न पटलेल्या मृतदेहाचे दात तपासताना दंतवैद्याकडच्या नोंदी नसतील, तर तज्ज्ञ त्या माणसाचे हसरे फोटो मागतात आणि पुढच्या दातांच्या कडा, फटी, तिरकेपणा ताडून पाहतात. तिथे ॲपने हसवलेला फोटो गेला, तर आपलाच माणूस 'हा नव्हे' ठरू शकतो. तेव्हा हसवलेली प्रत ठेवायची तर जरूर ठेवा, पण फाइलच्या नावातच 'बनवलेलं हसू' असं लिहा, मूळ स्कॅन वेगळा जपा आणि घरातलं कोणी हरवलं तर पोलिसांना फोनमधला सुंदर फोटो नको, फट असलेला, दात तुटलेला, खरा फोटो द्या.